आधीच्या माणसाला लावलेला फोन

नव्या नोकरीतलं माझं पहिलं काम म्हणजे सगळ्या ग्राहकांना स्वतःची ओळख करून देणं. ते मी अर्ध्या मिनिटात उरकलं. ऑफिसातून मजकूर तयार मिळाला होता, तो सगळ्यांना व्हॉट्सअॅपवर धाडून दिला. पहिली ओळ अशी होती : "आदरणीय ग्राहकाचे नाव, नमस्कार." 'ग्राहकाचे नाव' काढून तिथे ज्याचं त्याचं नाव घालायचं असतं, हे मला संध्याकाळी कळलं. तोवर शेलूबाजारच्या एका दुकानदाराने उत्तर धाडलं होतं, "नमस्कार, मॅनेजरचे नाव."

आमची कंपनी वाशिमची, छोटीशी. कृषी केंद्रांना, म्हणजे खत-बियाण्यांच्या दुकानांना, बिलं करायचं आणि साठ्याची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर पुरवते. दुकानदाराचा फोन घ्यायचा, त्याचं अडलेलं सोडवायचं, त्याच्या शिव्या खायच्या आणि वर्ष संपलं की त्याला पुन्हा आपल्याकडेच ठेवायचं, या माणसाला अकाउंट मॅनेजर म्हणतात. माझ्या आधीचा अकाउंट मॅनेजर अकोल्याच्या कंपनीत गेला. ती कंपनीही हेच सॉफ्टवेअर विकते. जाताना त्याने लॅपटॉप आणि ओळखपत्र परत केलं. कोणाला काय कबूल केलंय, हे मात्र डोक्यात घेऊन गेला. ते परत मागायचं कोणाला सुचलंच नाही.

साहेबांनी मला दोन गोष्टी बजावल्या. एक, ग्राहकांना सांगायचं की तो घरगुती कारणामुळे गेला. दोन, त्याच्याशी कोणीही बोलायचं नाही. "तो आता आपला कोणी नाही. नंबर डिलीट करा." मी मान हलवली. मान हलवण्यात मी लहानपणापासून हुशार आहे.

रिसोडचे काका आमचे सगळ्यात मोठे ग्राहक. तीन दुकानं, तिन्ही ठिकाणी आमचंच सॉफ्टवेअर. म्हणून त्यांच्याकडे साहेब स्वतः मला घेऊन गेले. काका काउंटरमागे बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "या, ग्राहकाचे नाव, या."

साहेबांनी घसा साफ केला. "आधीचे घरगुती कारणामुळे गेले. आता हे तुमचं सगळं बघतील."

"घरगुती?" काका म्हणाले. "परवाच तं आलता इथं. चहा पेऊन गेला. घरचे सारे खुशाल हायेत म्हणे." ड्रॉवर उघडून त्यांनी एक कोरं करकरीत कार्ड काउंटरवर ठेवलं. त्याच्या नव्या कंपनीचं.

साहेब कार्डाकडे बघत राहिले. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "अरे वा, छापलं चांगलं आहे." साहेबांनी बुटाचं टोक माझ्या नडगीला लावलं.

मग काका मुद्द्यावर आले. गेल्या हंगामात सोयाबीनचं एका लॉटचं, म्हणजे एका खेपेचं, बियाणं उगवलं नाही. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने विचारलं, या लॉटच्या पिशव्या कोणाकोणाला विकल्या? प्रत्येक बिलावर लॉट नंबर होता, शेतकऱ्याचं नाव होतं, पण लॉटवरून नावं काढायची सोय नव्हती. काका आणि त्यांचा मुलगा दोन दिवस एकेक बिल उघडत बसले. "तुमच्या त्या गड्यानं सांगतलं होतं, पुढच्या हंगामाच्या आत लॉटवार यादी येईन. एक बटन दाबलं का सारी नावं. कुठी हाय ते बटन?"

"असं काही लेखी नाही," साहेब म्हणाले.

"मंग शनिवारी तुमचं सॉफ्टवेअर काढून घेऊन जा. तिन्ही दुकानातलं."

परतीच्या वाटेवर साहेब म्हणाले, काका गेले तर नव्या माणसाची आम्हाला गरज राहणार नाही. माझे प्रोबेशनचे सहा महिने चालू होते, दुसरा महिनाही भरला नव्हता. "उद्या फोन करून सांगा, करारात नाही ते मिळणार नाही. पुन्हा जायची गरज नाही."

घरी आल्यावर मला राग आला. साहेबांचा आलाच, पण जास्त माझा स्वतःचा. काकांसमोर मी कार्डाच्या छपाईचं कौतुक करून आलो होतो! खरं काय ते विचारायला एकच माणूस होता, आमचा आधीचा मॅनेजर, आणि त्यालाच विचारायची बंदी. नंबर मी डिलीट केला नव्हताच.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून एसटीने रिसोड गाठलं. काकांना म्हणालो, "काका, काल आम्ही तुमच्याशी खोटं बोललो. तो अकोल्याच्या कंपनीत गेला आहे. आणि त्याने काय कबूल केलं ते आम्हाला माहीत नाही, कारण आम्ही त्याला विचारलंच नाही. आता विचारतो." आणि फोन लावला. स्पीकरवर. लबाडी नको म्हणून स्पीकर. आपण प्रतिस्पर्ध्याच्या माणसाला आपल्याच ग्राहकाच्या कानात आणून बसवतोय, हे या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

"हो, सांगितलं होतं मी," तो म्हणाला. "हंगामाच्या आत म्हणून. तुमच्या प्रोग्रामरलाही बोललो होतो. अर्धं काम झालंय त्याच्याकडे."

"अन् चवथं दुकान काढीन त्याले फुकट लावून देतो म्हणाला होता, ते?" काकांनी फोनकडे वाकून विचारलं.

"नाई काका, ते तुमी आत्ता जोडलं."

काका खो खो हसले. मीही हसलो, तेवढ्यात फोनमधून आवाज आला, "काका, आमच्याकडं या ना. लॉटवार यादी तयार हाय आमच्यात. उद्याच लावून देतो."

नोकरी मी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या रिचार्जवर, समोरच्याला देऊन टाकली होती.

काकांनी विचारलं, "अन् तू तिथून गेला का मंग? मले कोण वळखीन तिथं?"

"विचार करून सांगजो," म्हणून काकांनीच फोन ठेवला. मग माझ्याकडे वळले. "तू बी जाशीन एक दिवस."

"जाईन," मी म्हणालो.

"मंग मी काय," काका म्हणाले, "जो गेला त्याच्या आठवणीवर दुकान चालवू? लिहून दे."

असं लिहून द्यायचा मला काडीचा अधिकार नव्हता. तिथूनच प्रोग्रामरला फोन केला. तो म्हणाला, पंधरा दिवस. मी त्यांच्याच बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं : लॉटवार यादी, हंगामाच्या आत, चौथं दुकान फुकट नाही. खाली सही केली. काकांनी कागद वाचला, "फुकट नाही हे बी लिवलं का बे," म्हणाले आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. त्या कार्डाच्या वर.

ऑफिसात मी सगळं सांगून टाकलं. फोन, स्पीकर, सही, सगळं. साहेब लाल झाले. मी म्हणालो, "काढायचं असेल तर काढा. पण मग माझ्या जागी जो येईल, त्याला तो कागद आधी वाचून दाखवा. आपण जे पाळणार नाही, ते पाळणार नाही म्हणून सांगू. पण खोटं बोलायला मी पुन्हा रिसोडला जाणार नाही."

शनिवारी सॉफ्टवेअर काढायला कोणी गेलं नाही, आणि मलाही कोणी काढलं नाही. यादी पंधराऐवजी बावीस दिवसांनी आली. ती दाखवायला गेलो, काकांनी बटण दाबलं, नावं भराभर खाली उतरली. त्यांनी कागद काढून माझ्यासमोर यादीच्या ओळीवर काट मारली आणि कागद परत आत ठेवला.

त्यानंतर मी प्रत्येक ग्राहकाकडे जाऊन आधीच्याने काय काय कबूल केलं ते विचारलं, लिहिलं, एक प्रत त्यांना दिली आणि एक ऑफिसात लावली. साहेबांना ते पटलं नाही. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, यापुढे कोणीही ग्राहकाला काहीही लिहून द्यायचं नाही.

मी हात वर केला आणि म्हणालो, "साहेब, तेवढं लिहून द्या."