अस्तित्वात नसलेला बुधवार

अभिलेख कार्यालयात त्यांना सगळे फरकबाई म्हणत. नाव ठेवणाऱ्याने नेमकं ठेवलं होतं. कुणी जुना कागद घेऊन टेबलाशी आला की बाई आधी कागदाकडे बघत, मग चष्म्यावरून माणसाकडे, आणि विचारत, "तारीख जुनी का नवी? फरक किती?" एकतीस वर्षं हाच प्रश्न. शिपायाने रजेचा अर्ज दिला तरी त्याला भीती वाटे की बाई त्याच्याही तारखेत दहा-अकरा दिवस मिळवतील.

काम तसं साधंच. कार्यालयात तीनशे वर्षांचे दस्त होते. त्यांतले बहुतेक जुन्या कालगणनेतले, कारण या मुलखात नवी कालगणना यायला फार उशीर झाला होता. बाई प्रत्येक दस्ताचं कार्ड करत. त्यावर मूळ तारीख शाईने आणि तिची आजच्या हिशेबाची तारीख पेन्सिलीने. पेन्सिलीने का? बाई म्हणत, "मूळ लिहिणाऱ्याने पाहिलेला दिवस तो शाईचा. आपला तो नुसता तर्क."

त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना नदीकाठच्या कुंभारवस्तीतले आबा त्यांच्या टेबलाशी आले. सत्तरीचे, नखांत कायमची माती, हातात लवादाची नोटीस. नदीकाठच्या एका पट्ट्यातून माती उचलण्याचा हक्क त्यांच्या पूर्वजांना एका जमीनदाराने लिहून दिला होता. चाळीस घरं त्या मातीवर जगत होती. आता एका बांधकाम कंपनीला तो काठ हवा होता, आणि कंपनीच्या वकिलाने दस्तच बनावट ठरवायला घेतला होता.

"काय म्हणतो वकील?" बाईंनी विचारलं.

"म्हणतो, ही तारीख कधी झालीच नाही. बाई, झालीच नाही म्हणजे काय हो? आमचा खापरपणजोबा काय हवेत सही करून आला?"

बाईंनी दस्ताची नक्कल उलगडली. बुधवार, २९ फेब्रुवारी १८००. खाली नोटिशीत वकिलाने पुरावा जोडला होता. तो होता खुद्द अभिलेख कार्यालयाचं कार्ड. त्यावर लाल शाईत लिहिलं होतं, 'अशी तारीख अस्तित्वात नाही. कागद संशयास्पद.' खाली सही.

सही बाईंचीच होती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली, वेलांट्या जरा जास्तच लांब काढलेली.

चूक काय झाली ते त्यांना एका नजरेत दिसलं. नव्या मास्तरणीने फळ्यावर चुकावं तशी ती चूक होती. तेव्हा त्यांनी लीप वर्षाचा नियम नुकताच घोकला होता. चारने भाग जातो ते लीप वर्ष. पण शंभरने जात असेल तर चारशेनेही जायला हवा. अठराशेला चारशेने भाग जात नाही, म्हणजे त्या वर्षी फेब्रुवारीला एकोणतीस दिवस नाहीत. नियम बरोबर होता. पण तो नव्या कालगणनेचा होता आणि कागद जुन्या कालगणनेचा, जिच्यात चारने भाग गेला की झालं लीप वर्ष. हे म्हणजे शेजारणीच्या किल्लीने आपलं कुलूप उघडायला जाणं, आणि उघडलं नाही म्हणून कुलूपच खोटं ठरवणं.

त्या सरळ साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणजे कार्यालयाचे मुख्य, स्वभावाने बरे, पण डोक्यावर कधी छप्पर पडेल या धास्तीत जगणारे.

"साहेब, ते कार्ड चुकीचं आहे. चूक माझी. मला लवादापुढे जाऊन सांगायचंय."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "अहो, पन्नास हजार कार्डं आहेत आपली. एक चुकलं म्हणून जाहीर केलंत तर उद्या प्रत्येक वकील उरलेल्यांवर बोट ठेवील. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. दोन महिन्यांनी सत्कार आहे तुमचा. कशाला हात दाखवून अवलक्षण?"

"आणि ती चाळीस घरं?"

"त्यांना वकील आहे ना त्यांचा."

घरी येऊन बाईंनी मोठ्या बहिणीपुढे सगळं ओतलं. दोघी बहिणी एकत्र राहत. अक्का गणिताच्या निवृत्त शिक्षिका, आणि धाकटीचं कौतुक करणं हे त्यांच्या धर्मात बसत नसे.

"मला एक सांग," भाजी निवडता निवडता अक्का म्हणाल्या, "मुळात हे दिवस गाळायची हौस कुणाला आली? आख्खे दिवस गाळायचे म्हणजे काय!"

"अगं, जुन्या लोकांनी वर्ष मानलं तीनशे पासष्ट दिवस आणि सहा तासांचं. खरं वर्ष त्याहून अकराएक मिनिटांनी लहान आहे."

"अकरा मिनिटांनी काय आकाश कोसळतं?"

"एका वर्षात नाही. पण एकशे अठ्ठावीस वर्षांत एक पूर्ण दिवस साचतो. कॅलेंडर मागे पडत गेलं. वसंतात दिवस-रात्र सारखे होतात ना, तो दिवस मार्चच्या एकवीस तारखेऐवजी अकरा तारखेला येऊन बसला. म्हणून १५८२ मध्ये दहा तारखा गाळून गाडी रुळावर आणली, आणि पुन्हा घसरू नये म्हणून चारशे वर्षांतून तीन लीप दिवस कमी केले. आपल्यासारख्या ज्यांनी ऐकलं नाही, ते १७००, १८००, १९०० अशी प्रत्येक शतकअखेर एकोणतीस फेब्रुवारी पाळत राहिले. प्रत्येक वेळी फरक एकाने वाढला. दहाचा अकरा, बारा, तेरा. उशिरा आले त्यांना जास्त गाळावे लागले."

"म्हणजे हप्ता चुकवला की व्याज चढतं तसं," अक्का म्हणाल्या. "आणि वार? वारही गाळले?"

बाईंचा हात भाजीच्या ताटावर थांबला. "नाही. वार कुणीच गाळला नाही. तारीख उडी मारते, वार आपला चालत राहतो. मंगळवारनंतर बुधवारच."

"मग वेडे, तुझ्या कागदावर वार लिहिलाय ना? माझ्यापुढे काय बसलीस?"

बाई उठल्या त्या कागद-पेन्सिल घेऊनच. नव्या गणनेत १ मार्च १८०० ला शनिवार. जुन्या गणनेचा २९ फेब्रुवारी नव्या गणनेत येतो १२ मार्चला. शनिवारपासून अकरा दिवस मोजले. बुधवार. त्यांनी पुन्हा मोजलं. मग अक्कांनी मोजलं, आणि नाइलाजाने मान डोलावली. अक्कांकडून एवढं म्हणजे सुवर्णपदकच.

पण आकडेमोड म्हणजे पुरावा नव्हे, हे बाईंना ठाऊक होतं. पुढचे तीन दिवस त्यांनी तळघरातल्या फडताळांत काढले. शिंका देऊन देऊन नाक लाल झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी सापडली अठराशे सालची नदीच्या पाण्याची रोजनोंद. पुलाचा रखवालदार रोज सकाळी पाण्याची पातळी लिहून ठेवत असे. आळशी माणूस असावा, नोंदी दोन-दोन शब्दांच्या. पण एकही दिवस चुकला नव्हता. 'मंगळवार २८, पाणी उतरले. बुधवार २९, तसेच. गुरुवार १ मार्च, तसेच.' बाईंनी त्या 'तसेच'वर हात ठेवला आणि त्यांचे डोळे भरून आले. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा तो बुधवार एका कंटाळलेल्या माणसाने जगून ठेवला होता.

सुनावणीच्या सकाळी त्या साहेबांच्या टेबलावर एक अर्ज ठेवून आल्या. कारण, साक्ष देणे. परवानगी मागितली नव्हती, कळवलं होतं.

लवादाची खोली लहान, खुर्च्या कमी. कुंभारवस्तीतले निम्मे लोक भिंतीला टेकून उभे. लवादाच्या अध्यक्षबाई करड्या केसांच्या आणि कमी बोलणाऱ्या. कंपनीचे वकील मात्र आनंदात होते. बाई साक्षीला उभ्या राहताच त्यांनी ते कार्ड उंच धरलं.

"ही सही आपली?"

"माझीच."

"आणि आपण लिहिलंय की अशी तारीख अस्तित्वात नाही."

"लिहिलंय. चूक लिहिलंय."

खोलीत कुजबुज झाली. वकील हसले. "तीस वर्षांनी आठवलं? बरं. तारीख राहू द्या. कॅलेंडर सांगतं की १ मार्च १८०० शनिवार होता. म्हणजे आदला दिवस शुक्रवार. कागदावर बुधवार कसा? तारीखही खोटी, वारही खोटा. खोट्याच्या कपाळी गोटा!"

बाई याचीच वाट बघत होत्या.

"वकीलसाहेब, आपण कोणतं कॅलेंडर लावलंत?"

"एकच असतं की."

"दोन होती. इथे तेव्हा जुनं चालायचं. त्यात अठराशेला चारने भाग गेला की पुरे. एकोणतीस फेब्रुवारी झाली. तोच दिवस आपल्या कॅलेंडरात बारा मार्च. आपणच सांगितलंत की एक मार्चला शनिवार. मोजा, साहेब. आठला शनिवार."

वकिलांची बोटं टेबलाखाली हलली. अध्यक्षबाई मात्र उघड मोजत होत्या. "नऊला रविवार, दहाला सोमवार, अकराला मंगळवार..." त्या थांबल्या आणि पहिल्यांदा हसल्या. "बारा मार्च. बुधवार."

मग बाईंनी रोजनोंद पुढे ठेवली. अध्यक्षबाईंनी ते तीन दिवस मोठ्याने वाचले. 'तसेच'ला आबा खुदकन हसले.

"कागद नंतर कुणी बनवला असता," बाई म्हणाल्या, "तर त्याने आजचं कॅलेंडर उघडलं असतं. एकोणतीस तारीख दिसलीच नसती, लिहिणार कुठून? मी स्वतः त्याच सापळ्यात पडले. जी गोष्ट मी खोटेपणाची खूण समजले, तीच या कागदाच्या खरेपणाची खूण आहे."

वकिलांनी कागद चाळले, पुन्हा चाळले, आणि बसले. त्या बसण्याचा आवाज भिंतीला टेकलेल्या प्रत्येकाने मनात साठवून घेतला.

निकाल आठवड्याने लागला. खोली पुन्हा भरलेली. या वेळी मागे साहेबही येऊन उभे होते, कुणाला दिसू नये असे. आणि अक्का पहिल्या रांगेत, सगळ्यांना दिसावं अशा.

अध्यक्षबाईंनी वाचलं. दस्त खरा. काठाच्या मातीवर वस्तीचा हक्क कायम. कंपनीचा दावा फेटाळला. आबांनी दोन्ही तळहातांत तोंड झाकलं. मग अध्यक्षबाईंनी पान उलटलं.

"अभिलेख कार्यालयाच्या लिपिकेने या दस्तावर केलेला शेरा चुकीचा होता. ती चूक तिने स्वतः शोधली, स्वतः कबूल केली आणि स्वतः सिद्ध केली. तिच्या साक्षीवाचून हा निकाल शक्य नव्हता."

एकतीस वर्षांत बाईंचा उल्लेख सरकारी कागदात असा कधी झाला नव्हता, आणि आता झाला तो चुकीसाठी. त्या ताठ उभ्या होत्या. इतका अभिमान त्यांना एकाही बरोबर कार्डाचा वाटला नव्हता. मागून साहेबांनी टाळी वाजवली. एकच, घाबरत. मग आबांनी, मग सगळ्या भिंतीने.

अध्यक्षबाईंनी हात वर केला. "एक बाकी आहे. निकालपत्रात दस्ताची तारीख कोणती लिहू? जुनी की नवी?"

"नवी पेन्सिलीने लिहिली तरी चालेल," फरकबाई म्हणाल्या. "पण एकोणतीस फेब्रुवारी शाईने लिहा."