चुकली म्हणतात ती तपासणी

“गोव्याच्या राजभाषेच्या आंदोलनात कोंकणीवाल्यांनी रस्ते अडवले, आणि मयेच्या एका आजारी गृहस्थाची रक्ताची तपासणी चुकली. त्या एका चुकलेल्या तपासणीने त्याची मूत्रपिंडे गेली. मराठीच्या लढ्यातला हा आपला विस्मृतीत गेलेला बळी.”

डिचोलीच्या सभागृहात हे वाक्य उच्चारले गेले तेव्हा मी पहिल्या रांगेत बसलो होतो. वक्ते माझ्याच बाजूचे. तो गृहस्थ म्हणजे माझा धाकटा भाऊ. टाळ्या पडल्या. शेजारच्याने माझा हात दाबला. मी तो काढून घेतला. मराठीसाठी मी चाळीस वर्षे भांडलो आणि अजूनही भांडेन, पण माझ्या भावाचे मढे पुढे करून नव्हे.

पहिली गोष्ट, त्याचा आजार. वक्त्यांनी त्याला ‘आजारी’ म्हणून सोडून दिले, कारण पुढचे बोलायची लाज वाटते. माझा भाऊ तरुणपणी दोनदा वेड्यांच्या इस्पितळात राहून आला. चढ आला की झोप नाही, बोलणे थांबत नाही, बायकोची भांडी भर बाजारात वाटून येई. उतार आला की भिंतीकडे तोंड करून आठवडेच्या आठवडे पडून राही. मग डॉक्टरांनी लिथियम सुरू केले. लिथियम म्हणजे एका जातीचे मीठच, पण ते रक्तात कमी पडले तर उपयोग नाही आणि जास्त झाले तर विष. म्हणून आधी दर आठवड्याला आणि प्रमाण बसल्यावर दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचे. रात्रीची गोळी घेतल्यावर बरोबर बारा तासांनी रक्त, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच. सहा महिन्यांनी मूत्रपिंडाची तपासणी वेगळी.

या औषधाने त्याला बारा चांगली वर्षे दिली. खाणीवरच्या वजनकाट्यावर त्याची नोकरी टिकली. मुलगी झाली, तिला त्याने स्वतः सायकल शिकवली. तहान मात्र भयंकर. काट्यावरचे ट्रकवाले त्याला ‘तळें’ म्हणत, आणि आमच्या गावात खरेच तळे असल्यामुळे ते नाव घट्ट बसले. घरी मी राजभाषेवर बोलू लागलो की तो म्हणे, “दादा, तुजें भाशण मागीर. पयलीं उदक दी.” होय, आम्ही घरात कोंकणीच बोलत होतो. हे मी त्या काळातही कोणापासून लपवले नाही.

ती तहान हा औषधाचाच परिणाम होता. मूत्रपिंड पाणी धरून ठेवेनासे झाले होते. डॉक्टरांनी सांगितले होते: पाणी तोडू नका, मीठ सोडू नका, अंगदुखीच्या गोळ्या घेऊ नका. आईने त्याच्यासाठी अळणी सोमवार बोलला होता. तो तिला म्हणाला, “आई, अळणी जेवलो तर देवाआधी डॉक्टर कोपेल.” आईने सोमवार स्वतः धरले.

दुसरी गोष्ट, मूत्रपिंडे एका तपासणीने जात नाहीत. लिथियमचे प्रमाण सगळी वर्षे हद्दीत होते. तरीही मूत्रपिंडाचा आकडा, क्रिएटिनीन, आधी एकच्या आसपास होता, तो दीडवर गेला आणि तिथून चढत राहिला. आंदोलनाच्या पुष्कळ आधी डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवले.

“हे औषधाने होते आहे,” ते म्हणाले. “हळूहळू कमी करून दुसरे देऊ.”

दुसरे दिले. त्याने अंगभर पुरळ उठले, ते बंद करावे लागले. नुसते लिथियम कमी ठेवून पाहिले. तीन आठवड्यांत त्याची झोप गेली, आणि एका सकाळी तो काट्यावर उभा राहून ट्रकवाल्यांना आपला पगार वाटू लागला. मी त्याला धरून आणले. शुद्धीवर आल्यावर त्याने डॉक्टरांना विचारले, “पूर्ण गोळ्या घेतल्या तर मूत्रपिंडे किती टिकतील?”

“सांगता येणार नाही. काही वर्षे. कदाचित कमी.”

“आणि डोके?”

“डोके शाबूत राहील.”

“मग डोके ठेवा. मुलीला बाप ओळखू येऊ दे.”

मी रागावलो. भर खोलीत म्हणालो, की हा निर्णय एकट्याचा नाही. त्यावर तो शांतपणे म्हणाला, “दादा, वेड्यांच्या इस्पितळात तू नव्हतास. मी होतो.” डॉक्टरांनी एक अट घातली: यापुढे तपासणी दर महिन्याला. आकडा एका मर्यादेपुढे गेला की औषध बंद, मग वाद नाही. त्याने मान्य केले आणि पाळले.

रक्त देण्याच्या रांगेत त्याला वास्कोच्या बंदरावरचा एक हमाल नेहमी भेटे. त्याने गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षे दुकानातून दुखण्याच्या गोळ्या घेऊन मूत्रपिंडे घालवली होती. तो भावाला म्हणे, “तुम्ही डोके सांभाळले, मी गुडघे. बिल एकाच जागी आले.” दोघेही हसत. मला ते हसणे सहन होत नसे; मी बाहेर जाऊन उभा राहायचो.

आता तो दिवस. इस्पितळ मांडवी नदीच्या पलीकडे. रस्ते बंद होते, हे खरे. मांडवीवरचा पूल त्याच वर्षी कोसळलेला, बस एकही नाही. भाऊ आदल्या संध्याकाळीच म्हणाला, “पोचायला उशीर होणार,” आणि रात्रीची गोळी त्याने तेवढीच उशिरा घेतली, म्हणजे रक्त देताना बारा तास भरतील. सकाळची गोळी कागदात बांधून खिशात ठेवली. आम्ही चालत निघालो. एका होडीवाल्याने चोडण बेटावर सोडले. तिथून रायबंदरच्या फेरीबोटीकडे जाताना वाटेत झाड आडवे टाकलेले आणि त्यावर कोंकणीच्या बाजूची माणसे बसलेली. मला ते ओळखत होते.

“खंय चलल्यात, मास्तर?”

मी काही बोलायच्या आत भाऊ म्हणाला, “रगत दिवंक.”

“कोणाक? मराठीक?”

“ना रे बाबा. हॉस्पिटलांत, तपासपाक.”

“तुज्या रगतांत कितें मेळटलें?”

“मीठ.”

ते हसले. त्यांतल्या एकाने भावाला हात देऊन झाडावरून पलीकडे उतरवले आणि स्वतःच्या बाटलीतले पाणी प्यायला दिले. मला कोणी हात दिला नाही, मी मागितलाही नाही. हा प्रसंग आमच्या बाजूच्या भाषणांत बसत नाही, हे मला ठाऊक आहे.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला तेव्हा तो होता. त्यानंतरच्या पावसाळ्यात आकडा ठरलेली मर्यादा ओलांडून गेला आणि डॉक्टरांनी लिथियम थांबवले. पण झालेली इजा परतली नाही. पाय सुजले, अन्नाचा वास नकोसा झाला, शेवटी श्वास पुरेना. डोके मात्र, गोळी बंद होऊनही, त्याला हवे तसे अखेरपर्यंत टिकले. मुलीच्या शाळेची चौकशी त्याने शेवटच्या आठवड्यातही केली. आपण काय देऊन काय घेतले, हे त्याला पुरते ठाऊक होते. त्याला कोणाचा तरी बळी म्हणणे म्हणजे त्याचा तो निर्णय त्याच्या हातून काढून घेणे. आमच्या बाजूचे घेत असले तरी मी घेऊ देणार नाही.

सभा संपल्यावर वक्ते माझ्याकडे आले. “तपशिलात थोडेफार इकडेतिकडे होते, मास्तर. भावना खरी आहे.”

भावनेचे मला माहीत नाही. रस्ते बंद होते त्या दिवशी मी माझ्या भावाशेजारी उभा होतो, आणि त्याच्या दंडाला पट्टा बांधून त्याचे रक्त घेतले गेले.