फिकट कांद्याचं मटण

माझ्या भावाने कांदा करपवला त्याला बरेच महिने झाले, पण आठवण आली की अजूनही तळपायाची आग मस्तकात जाते.

आमच्या घरी रविवारचं मटण आण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, चवीचं व्हायचं. त्यांना रस्सा काळाभोर लागे. नुसता काळा मसाला जास्त घालून तो रंग येत नाही, कांदा गडद तपकिरी व्हावा लागतो. आई कांदा बारीक उभा चिरून मध्यम आचेवर टाकायची आणि तिथून हलायची नाही. आधी तो मऊ पडे, मग फिकट सोनेरी, मग तांबूस. ढीगभर कांद्याचा मूठभर उरेपर्यंत परतायचा, आणि शेवटी तर हात थांबवायचाच नाही, कारण तपकिरीचा काळा कधी होतो कळत नाही. गॅस बंद केला तरी तापल्या तेलात त्याला रंग चढतच राहतो, म्हणून जरा आधीच काढून ताटात पसरायचा. मग भाजलेल्या खोबऱ्यासोबत वाटायचा. रस्सा दाट, खमंग, मागे किंचित कडसर. आण्णा पहिल्या घासाला मान हलवायचे. रंग फिका पडला की दिवसभर तोंड फुगलेलं. कढईभर कांद्यावर सगळ्या घराचा दिवस अवलंबून असायचा, याचा मला तेव्हाही राग यायचा, फक्त बोलायची सोय नव्हती.

आण्णा गेल्यावर वर्षभर आईने मटण केलं नाही. वर्षश्राद्ध उरकल्यावर एका रविवारी पुण्याहून भाऊ-वहिनी आले. मी सोलापुरातच राहते, त्यामुळे सकाळीच पोचले होते. आईने कांदा परतायला घेतला आणि फिकट सोनेरी झाल्याबरोबर त्यात आलं-लसूण घातलं. मला वाटलं, विसरली. अजून रंग यायचाय की, असं मी म्हटलं, तर ती म्हणाली, एवढाच ठेवला की कांद्याची गोडी राहते आणि मटणाची स्वतःची चव लागते. काळा मसालाही तिने चिमूटभरच टाकला. जास्त घातला तर असा कांदा त्याच्याखाली दबून जातो. अक्कलकोटकडच्या तिच्या माहेरी असंच करायचे म्हणे. पातेलं ढवळताना ती काहीतरी गुणगुणत होती. तिला गुणगुणता येतं हेच मला माहीत नव्हतं.

पानं वाढली. पातळ, लालसर-पिवळा रस्सा बघूनच भावाने नाक मुरडलं. एक घास घेतला.

"आण्णा असते तर त्यांनी हे ताट सरकवलं असतं," तो म्हणाला, आणि स्वतःचं ताट सरकवलं.

माझं डोकं सणकलं. आण्णा आता नाहीत, आणि ही काही खानावळ नाही, असं मी सुनावलं. त्याने मला मध्ये पडू नको म्हणून सांगितलं आणि उठून स्वयंपाकघरात गेला. मी करतो नीट, म्हणे. जन्मात कधी चहा ठेवला नाही या माणसाने. कांद्याचे जाड-बारीक कसेही काप केले, गॅस मोठा केला. कडा काळ्या, मध्ये पांढराच. तेवढ्यात फोन आला, म्हणून गॅस बंद करून बाहेर बोलत बसला, आणि तापल्या तेलात उरलासुरला कांदाही जळाला. परत आल्यावर, टाकू नकोस, कडू होईल, असं मी दोनदा बजावलं. काळाच तर पाहिजे होता, असं म्हणत त्याने कढई पातेल्यात उपडी केली. आख्ख्या पातेल्यात. आईला विचारायचं त्याला सुचलंसुद्धा नाही.

मग चव घेतली आणि तोंड वाकडं केलं. वहिनीला गूळ घालायला सांगितलं. गुळाने तिखट मवाळ होतं, करपल्याचा कडूपणा जात नाही, हे मी अक्षरशः ओरडून सांगितलं. तर हा शांतपणे म्हणतो, "आई, आता तूच कर काहीतरी."

आम्ही वळून पाहिलं, तर आई तिथे नव्हतीच. ती बाहेर भावाच्याच जागेवर बसली होती. तो कांदा चिरत असतानाच तिने स्वतःसाठी वाडगा भरून नेला होता. मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी ती रश्शात कुस्करत होती. भाऊ दारात उभा राहिला. तिने वर पाहिलं.

"तुज्या आण्णाला कसं लागायचं ते मला झोपंतबी करता येतंय," ती म्हणाली. "मला कसं लागतं, ते तुला ठाव हाय का?"

मलाही ते त्या सकाळपर्यंत माहीत नव्हतं.

आई जेवत राहिली. गरम गरम, सगळ्यांच्या आधी, कुणाला काय हवं-नको ते न विचारता. माझ्या उभ्या आयुष्यात मी तिला असं जेवताना पहिल्यांदा पाहत होते. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. मला फक्त संताप येत होता.