न दिसलेला जांभळा

तुळिंजला बाबांचं निऑन पाट्यांचं छोटं वर्कशॉप आहे. काचेची नळी पेटली की रंगावरूनच ते आतला गॅस ओळखत. गेल्या वर्षी मात्र त्यांनी भरलेल्या आरगॉनच्या नळ्या वारंवार बिघडू लागल्या.

"ही पण गेली, गळती असणार," म्हणत एकदा ते नळी फोडायला निघाले. मी हात धरला.

"बाबा, चांगली पेटलीय. निळसर जांभळी."

त्यांनी शेजारची निऑनची नळी पेटवली.

"ही तांबडी-नारिंगी दिसते. पण तिकडे नुसतं राखाडी आहे गं."

डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकलाय, निळा-जांभळा उजेड तोच अडवतो. ऑपरेशनला बाबा लगेच तयार झाले. परतताना रिक्षात मात्र हळूच म्हणाले, "चांगल्याच नळ्या फोडत होतो मी."