एकटीचं वीजबिल

यजमान जाऊन तीन महिने झाले होते. हिंदी मुलखातल्या सोनागिरीच्या घरात मी एकटीच होते. एक पंखा, फ्रिज, संध्याकाळी एक दिवा. तरीही त्या महिन्याचं बिल नेहमीच्या तिप्पट आलं. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. जुन्या बिलांची फाइल काढली आणि वीज कंपनीच्या झोन ऑफिसात गेले.

खिडकीतल्या बाबूंनी बिल पाहिलं. "कनेक्शन जिनके नाम है, वो नहीं आए?"

"नहीं रहे," मी म्हटलं. ते शब्द आता सहज निघत.

त्यांनी मान खाली घालून कोरा कागद पुढे सरकवला. मीटर तपासून बिल दुरुस्त करावं, असा अर्ज मी लिहिला.

आतल्या सहायक अभियंत्यांनी तो वाचला. "गर्मी है, कूलर चलता होगा?"

"नाही," मी मराठीतच बोलून गेले. मग फाइलमधलं गेल्या उन्हाळ्याचं बिल त्यांच्यासमोर ठेवलं. तेव्हा घरात यजमानांचं ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र चालत होतं, शिवाय कूलर. तरी ते बिल याच्याहून कमीच होतं. हे सगळं मी हिंदीत सांगितलं. दुसऱ्या कोणाच्या घरातली गोष्ट सांगावी, तसं.

 त्यांनी अर्जावर चेक मीटर लावायचा शेरा मारला. निकाल लागेपर्यंत सरासरीइतकीच रक्कम भरा, लाइन कापणार नाही, असंही म्हणाले. मी तपासणीची फी भरून पावती घेतली.

दोन दिवसांनी लाइनमन आले. जुन्या मीटरला जोडून दुसरं मीटर बसवलं, दोन्हींचे आकडे कागदावर लिहिले आणि माझी सही घेतली. "माताजी, जैसे रोज रहती हैं, वैसे ही रहिए." ते मला अवघड नव्हतं.

आठवड्याने ते परत आले. दोन्ही मीटरांमधून वीज तीच गेली होती, पण जुन्याने जवळपास तिप्पट युनिट मोजले होते. त्यांनी माझ्यासमोर ते काढून पिशवीत घातलं, पिशवीला सील लावलं आणि लॅबमध्ये नेलं. भिंतीवर नवीन मीटर आलं.

लॅबचा अहवाल तसाच आला: मीटर जोरात धावत होतं. पुढच्या बिलात जादा युनिट वजा झाले, तपासणीची फीसुद्धा वळती झाली. ते बिल भरायला गेले तेव्हा खिडकीतले बाबू मनापासून खूश झाले होते. "देखिए, आप सही थीं!"

मी आभार मानले. मुलीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "आई, जिंकलीस गं तू!" मी बरं म्हटलं. मग बाबूंनी सोबत दिलेला नाव बदलण्याचा फॉर्म भरायला बसले. जुन्या ग्राहकाचं नाव आधी लिहायचं होतं. ते लिहिलं, आणि खालच्या ओळीत माझं.