तिसऱ्या दिवसाच्या प्लेटा

अकोल्याच्या कॉलेजात जंतूंच्या लॅबमध्ये मी नोकरीला होतो, तेव्हाची, साठ-सत्तरच्या दरम्यानची गोष्ट. नाल्याकाठच्या काळ्या मातीतून आम्ही एक जंतू वेगळा काढला होता. परदेशात चारपाच वर्षांपूर्वीच सापडलेला, जंतूंनाच खाणारा. पिटुकला, स्वल्पविरामासारखा, मागे शेपटी. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की अंगावर काटा यायचा. आपल्याहून मोठ्या जंतूवर हा दाणकन आदळायचा, भोक पाडून आत घुसायचा. शिकार फुगून गोल व्हायची. हा आत बसून तिला खात लांबत जायचा, मग त्याचे तुकडे पडून पिल्लं व्हायची आणि शिकारीचं टरफल फोडून बाहेर. सगळं तीन-चार तासांत!

त्याच सुमारास अमरावतीत कापसाच्या जिनिंगच्या यंत्रात थोरल्या भावाचा पाय चिरडला. जखमेतून हिरवा पू वाहायला लागला. पेनिसिलीन, स्ट्रेप्टोमायसिन, काही लागू पडेना. डॉक्टर म्हणाले, पाय गुडघ्यापासून काढावा लागेल.

मी त्यांच्या पाया पडलो. माझा जंतू ह्या पुवातल्या जंतूला खातो का, एवढं पाहू द्या म्हणालो. "तीन दिवस," डॉक्टर म्हणाले. "खाल्लं तर जखमेवर लावायचं का ते बघू. नाही तर चौथ्या दिवशी कापणार."

पू घेऊन अकोल्याला आलो. त्यातला जंतू वाढवला, जंतूंचं खाद्य ओतलेल्या काचेच्या प्लेटांवर पसरला, वर आमचा खाणारा सोडला, आणि लगेच भावाकडे पळालो. तिसऱ्या दिवशी सकाळी परत येऊन पाहतो तर प्लेटा गायब!

"उकळून धुतल्या ना, साहेब," लॅबचा शिपाई म्हणाला. माझ्या बापाच्या वयाचा माणूस.

मी त्याच्या कानशिलात भडकावली. पडला, तरी लाथ घातली. ओठ फुटला त्याचा.

"काहून मारून राहिले? तुमीच त लिहून ठेवलं!"

भिंतीवर माझ्याच अक्षरात कागद होता: प्लेटा दुसऱ्या दिवशी पाहाव्या व लगेच उकळाव्या. बाकीच्या कामाला तेच बरोबर होतं. पण आमच्या जंतूनं खाल्लेल्या जागी पडणारे स्वच्छ डाग तिसऱ्या दिवसाआधी दिसतच नाहीत. हे मला माहीत होतं, आणि सांगायचं मीच विसरलो होतो.

चौथ्या दिवशी पाय कापला.

निव्वळ हट्टापायी मी प्लेटा पुन्हा लावल्या. तिसऱ्या दिवशी भावाच्या जंतूवर स्वच्छ डाग पडले, चौथ्या दिवशी पसरले. जखमेवर चाललं असतं की नाही, देव जाणे. पण प्लेटवर तरी खाल्लं होतं.

भाऊ कुबडी घेऊन अमरावतीच्या घरी आला तेव्हा मी सगळं सांगून टाकलं, शिपायाला मारलं तेही.

"नियम कोनाचा होता?"

"माहा."

"आन मार कोनाले देल्ला?"

त्यानं कुबडी उचलली आणि माझ्या गुडघ्यावर हाणली. तोल जाऊन तोच पडला. मी उचलायला वाकलो, तर म्हणाला, "मले नको उचलू. आधी अकोल्याले जा."