पुस्तकी शिल्लक शून्य

मार्चअखेरची मोजणी करायला मला त्या शाखेत पाठवलं, तेव्हा मला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. एका धर्मादाय ट्रस्टचं बारामतीत मोठं रुग्णालय होतं आणि इंदापूरच्या रस्त्याला एक छोटी शाखा. मी बारामतीत औषधनिर्माती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्याकडे संगणक नव्हता. औषध आलं की साठा नोंदवहीत जमा लिहायचं, गेलं की खर्ची टाकायचं, उरलेली ती पुस्तकी शिल्लक. वर्षातून एकदा दुसऱ्या शाखेच्या माणसानं येऊन कपाटातलं प्रत्यक्ष मोजायचं आणि फरक निघाला तर त्याचं कारण लिहायचं, असा नियम होता.

शाखेचं औषध भांडार एक वयस्क गृहस्थ सांभाळायचे. सगळे त्यांना तात्या म्हणत. भवानीनगरकडचे, पांढरा सदरा, कानाला चष्म्याची दोरी. मी एसटीतून उतरून पोचले तेव्हा त्यांनी कपाटं पुसून, बाटल्या रांगेत लावून ठेवल्या होत्या. नोंदवही माझ्यापुढं सरकवायला लागले, तेव्हा मी ती परत त्यांच्याकडे दिली.

"आधी मोजते, तात्या. आकडा डोळ्यांपुढं असला की तेवढाच मोजला जातो."

"खरं हाय," ते म्हणाले. "मागल्या साली जो आला हुता, त्यो वहीत बघून बघून मोजत हुता. सगळं जुळलं."

तेवढा वेळ औषध द्यायचं बंद ठेवलं. वॉर्डात लागेल तेवढं सकाळीच काढून दिलं. मी मोजायची, कोऱ्या कागदावर लिहायची. तात्या बरण्या खाली काढायचे, वर ठेवायचे. दुपारी आम्ही कागद आणि वही शेजारी ठेवून बसलो.

फरक बरेच निघाले, पण बहुतेकांची कारणं नेहमीचीच होती. सिरिंज पुस्तकापेक्षा बरोब्बर निम्म्या भरल्या. निघालं असं, की जुना खोका शंभराचा असायचा, नवीन पुरवठादाराचा पन्नासाचा, आणि तात्यांनी सवयीनं खोक्याला शंभर धरून जमा केल्या होत्या. एक प्रतिजैविक कमी होतं आणि दुसरं तेवढंच जास्त. औषध एकच, वहीत कंपनीच्या नावानं एक पान आणि मूळ औषधाच्या नावानं दुसरं. जमा एका पानावर, खर्च दुसऱ्यावर. सलाइनच्या काही काचेच्या बाटल्या उतरवताना फुटल्या होत्या, त्या फुटीची नोंद राहिली होती. तापाच्या गोळ्या थोड्या कमी, कारण रात्रपाळीत वॉर्डातून कोणी येऊन मूठभर न्यायचं आणि चिठ्ठी द्यायची राहायची. एका मलमाच्या ट्यूबांचं काही केल्या कारण सापडेना. तात्या म्हणाले, "फुटीत दाखवूया का?" मी म्हटलं, "नको. 'कारण सापडलं नाही' असंच लिहू." त्यांनी मान हलवली. त्यांना ते आवडलं असावं.

मग फ्रीज राहिला. तो भांडारात नव्हता, लसीकरणाच्या खोलीत सिस्टरच्या ताब्यात होता. इन्सुलिन, धनुर्वाताचं इंजेक्शन अशी थंड ठेवायची औषधं त्यातच. सिस्टर नवीन होत्या, दिवाळीच्या आधी आलेल्या. आधीच्या सिस्टर पावसाळ्यातच बाळंतपणाला माहेरी गेल्या त्या परत आल्याच नाहीत. मी लसींचे ट्रे एकेक बाहेर काढले. सर्वांत खालच्या ट्रेखाली, मागच्या भिंतीला चिकटून, दोरीनं बांधलेला एक खोका होता. पुठ्ठा ओलसर होऊन मऊ पडला होता. दोरी सोडली. आत सर्पदंशावरच्या लसीच्या दहा कुप्या होत्या, मुदत संपायला अजून वेळ असलेल्या.

मी कागदावर दहा लिहिलं आणि भांडारात आले. "तात्या, सर्पदंशाची लस पुस्तकात किती?"

"शून्य. पावसाळ्याच्या तोंडालाच संपली. मागणी केली हुती म्यां, आलीच न्हाय."

"फ्रीजमध्ये दहा आहेत."

ते हसले. "जादा हाय म्हंजी चांगलंच की. कमी असल्यावर जीव वर-खाली हुतो."

मलाही क्षणभर तसंच वाटलं. कमी भरलं की चोरीचा संशय येतो. जास्त भरलं की माणूस सुटकेचा श्वास सोडतो. मी कारणाच्या रकान्यापुढं पेन टेकवलं. जादा साठ्याची कारणं मोजकीच असतात: आलेला माल जमा करायचा राहिला, किंवा न दिलेला माल खर्ची पडला, नाहीतर परत आलेल्याची नोंद नाही. न दिलेला माल खर्ची पडलेला नव्हता; तात्यांच्या खर्चाच्या प्रत्येक ओळीला रुग्णाचं नाव होतं. म्हणजे माल आला होता आणि जमा झाला नव्हता. कधी?

खोक्यावर आमच्या बारामतीच्या मुख्य भांडाराचा शिक्का होता. म्हणजे मालाबरोबर येणारं चलनही इथंच कुठंतरी असणार. फ्रीजच्या दारावर तापमान लिहायच्या तक्त्यांची चिमटा लावलेली फळी टांगलेली होती, महिन्यामागून महिना कागद चढत गेलेले. मी एकेक उलटत खाली गेले. जूनच्या तक्त्यामागं चलन होतं, दोन्ही प्रती. आधीच्या सिस्टरची सही: "माल मिळाला, फ्रीजमध्ये ठेवला."

तात्यांनी तारीख पाहिली आणि बाकावर बसले. "त्या आठवड्यात मी रजेवर हुतो. थोरल्या मुलीचं लगीन."

बारामतीची जीप आली, तात्या नाहीत, सिस्टरनं शहाणपणानं माल उन्हातून उचलून थंडीत ठेवला, आणि चलन तात्या आल्यावर द्यायचं म्हणून फळीला लावलं. मग नवा तक्ता त्यावर चढला. पोचेची प्रत बारामतीला परत गेली नाही, आणि बारामतीत ती कुणी मागितली नाही. तात्यांनी पुढं मागणी केली होती, तिची प्रत त्यांनी काढून दाखवली. तिच्यावर आमच्या मुख्य भांडाराचा शेरा होता: "पुरवठा केला आहे." तात्यांनी त्याचा अर्थ लावला, माल निघालाय, वाटेत असेल. बारामतीच्या पुस्तकात तो खर्ची पडला होता, इथल्या पुस्तकात जमा झाला नव्हता. दोन्ही वह्या आपापल्या जागी बिनचूक होत्या.

मग मी महिने मोजले. जून ते मार्च. मी तात्यांना विचारलं, "या मधल्या काळात इथून सर्पदंशाचा कुणी पुढं पाठवला होता का?"

ते उठून बाह्यरुग्णांची वही घेऊन आले आणि उघडून माझ्यापुढं ठेवली, पण मला वही वाचायची गरज नव्हती. गावाचं नाव दिसताच मला तो माणूस आठवला. ऑक्टोबरात तो बारामतीला आमच्याकडे आला होता आणि त्याच्यासाठी लस मीच काढून दिली होती. पस्तिशीचा, अंगानं काटक. घरची पूर्वी मेंढरं होती, आता थोडी शेती. रात्रीच्या पाण्याला गेला असताना घोणस चावली. हिरड्यांतून रक्त येत होतं आणि त्याची बायको पदरानं ते सारखं टिपत होती. आमच्या डॉक्टरांनी लस सुरू केली, पण लघवी थांबली होती. पुण्याला हलवला. तिथं तो गेला.

इथून तो बारामतीला पाठवला गेला होता, कारण इथल्या डॉक्टरांनी तात्यांना विचारलं होतं, लस आहे का, आणि तात्यांनी वही उघडून सांगितलं होतं, शिल्लक न्हाय. ज्या खोलीत त्याला जखम धुवायला झोपवलं होतं, तिच्या भिंतीपलीकडे फ्रीज होता.

तात्या म्हणाले, "म्यां 'न्हाय' म्हणलं." मग वही मिटून पुन्हा तेच म्हणाले. सिस्टर दारात उभ्या होत्या. त्या तिथंच खाली बसल्या.

डॉक्टर संध्याकाळच्या फेरीला आले तेव्हा मी त्यांना कागद दाखवला. त्यांनी चलन, खोका, वही, सगळं स्वतः पाहिलं. खुर्ची ओढून बसले आणि चष्मा काढला. मी विचारलं, "लस तेव्हाच मिळाली असती तर?"

"वाचलाच असता असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही," ते म्हणाले. "चावून किती वेळ झाला होता, विष किती गेलं होतं. पण द्यायला हवी होती. देता येत होती."

दुसऱ्या दिवशी बारामतीला व्यवस्थापकांनी माझा मोजणीचा तक्ता वाचला. माणूस वाईट नव्हता, घाबरला होता. "जमा नोंद राहिली, आता दुरुस्त केली, एवढं पुरे की," ते म्हणाले. "चलनातली चूक तेवढीच आहे."

"साठ्यापुरतं तेवढंच आहे," मी म्हटलं. "पण या तारखांच्या मध्ये शिल्लक शून्य सांगितली गेली, तेही कारणात येतं." माझे वडील म्हणायचे, आपण शिकलो ते खरं लिहिता यावं म्हणून. त्या वेळी मला काही तसं सुचलं नव्हतं, नुसता तो पदर दिसत होता. व्यवस्थापकांनी तक्ता ठेवून घेतला. डॉक्टरांनी विश्वस्तांना वेगळं पत्र दिलं, आणि त्या घरी आपण जाऊन सांगणार, असं त्यात लिहिलं.

आम्ही तिघं गेलो. डॉक्टर, तात्या आणि मी. मला जायची सक्ती नव्हती. अंगणात बाजेवर त्याचा म्हातारा बाप बसला होता, बायको ज्वारी पाखडत होती. डॉक्टरांनी आडवळण न घेता सांगितलं. सुपातला हात थांबला. मला वाटलं ती ओरडेल, निदान आम्हाला हाकलून देईल. म्हाताऱ्यानं विचारलं, "म्हंजी औषध हुतं?"

"होतं, आबा," डॉक्टर म्हणाले.

"आन् तुमाला ठावं नव्हतं."

"नव्हतं."

ती बाई तात्यांकडे पाहत होती. तिनं त्यांना ओळखलं होतं. "तुमीच वही बघितली हुती," ती म्हणाली. तात्यांनी हात जोडले. मग ती म्हणाली, "मला ते दाखवा. कुठं ठिवलं हुतं ते."

ती खरंच आली, आठवडी बाजाराच्या दिवशी, दिराला घेऊन. सिस्टरनी फ्रीज उघडला. मी मोजणीची दुरुस्ती पुरी करायला तिथंच होते. तिनं वाकून खालचा कप्पा पाहिला, मग फ्रीजपासून भिंतीपर्यंत पाहिलं, भिंतीपलीकडच्या खोलीत जाऊन आली आणि पुन्हा फ्रीजसमोर उभी राहिली. "हितं?" तिनं विचारलं. दीर म्हणाला, "चल वैनी." ती गेली.

पुढं दिरानं ट्रस्टविरुद्ध तक्रार केली. माझा जबाब झाला. मी तक्त्यातलंच सांगितलं. ट्रस्टनं चूक मान्य केली. त्या शाखेत जीव वाचवणाऱ्या औषधांची वेगळी यादी झाली आणि ती वहीवरून नाही, दर सोमवारी हातानं मोजून भरायची असं ठरलं. चलनाची पोच चार दिवसांत आली नाही तर मुख्य भांडारानं माणूस पाठवायचा. तात्यांनी राजीनामा दिला होता, डॉक्टरांनी तो फाडला. पण नंतर ते कुठल्याही औषधाला बसल्या जागेवरून 'न्हाय' म्हणत नसत. वहीत शून्य असलं तरी उठायचे, कपाट उघडायचे, फ्रीज उघडायचे, आणि परत येऊन सांगायचे.

त्या तक्त्यात मलमाच्या ट्यूबांपुढं अजूनही 'कारण सापडलं नाही' असंच असेल.